कॅम्पस भरतीचे निमंत्रणपत्र: पद, पात्रता आणि निवडीच्या पायऱ्या कशा वाचायच्या

अभियांत्रिकीचे शेवटचे वर्ष सुरू झाले की महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर आणि विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एकेका कंपनीच्या सूचना येऊ लागतात. त्यांत पदाचे नाव, पॅकेजचा आकडा, कसलीतरी टक्केवारी आणि एक तारीख असते. घरी आईवडील पॅकेजचा आकडा वाचतात, मुलगा किंवा मुलगी टक्केवारी वाचते, आणि बाकीचा मजकूर बहुतेक वेळा कोणी वाचतच नाही. या सूचनेच्या मागे एक पत्र असते. कंपनीच्या मनुष्यबळ विभागाने ते महाविद्यालयाच्या प्लेसमेंट कक्षाला लिहिलेले असते, आणि परीक्षेत कोणाला बसता येईल, कोणाला येणार नाही, याचा पहिला निर्णय त्या पत्रातल्या शब्दांनी आधीच घेतलेला असतो.

मी काही वर्षे कंपनीच्या बाजूने अशी पत्रे लिहिली आणि पुढे महाविद्यालयाच्या बाजूने ती वाचली. दोन्हीकडे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. पत्रातला एखादा शब्द सैल राहिला तर त्याची किंमत कंपनी मोजत नाही, विद्यार्थी मोजतो. म्हणून हे पत्र कसे असते आणि कसे वाचायचे, ते एका उदाहरणावरून सांगतो.

## पत्र कोणाचे, कोणाला आणि कशासाठी

महाविद्यालयात भरतीचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला सगळे टीपीओ म्हणतात, म्हणजे ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसर. कंपनी पत्र लिहिते ते या टीपीओंना. विद्यार्थ्यांशी कंपनीचा थेट संबंध या टप्प्यावर येत नाही. टीपीओ पत्रातील अटी लावून पात्र विद्यार्थ्यांची यादी करतात, तारीख ठरवतात आणि यादी कंपनीला पाठवतात.

कायद्याच्या दृष्टीने या पत्रातून नोकरी देऊ केली जात नाही. दुकानाच्या काचेमागे साडी मांडून तिच्यावर किंमत लिहिली, तरी ती विकण्याचा करार तेवढ्याने होत नाही. गिऱ्हाईक आत येऊन मागणी करते आणि दुकानदार ती मान्य करतो, तेव्हा करार होतो. निमंत्रणपत्राचेही तसेच आहे. ते 'या, भेटू' एवढेच सांगते. नोकरीचा प्रस्ताव पुढे ऑफर लेटरमध्ये येतो आणि विद्यार्थ्याने तो स्वीकारल्यावर दोन्ही बाजू बांधल्या जातात. म्हणून पत्रातले पॅकेज आणि ऑफर लेटरमधले पॅकेज यांत फरक निघाला, तर ऑफर लेटर वाचून मगच सही करावी लागते.

## एक नमुना

समजा, चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीला पंधरा नवे अभियंते हवे आहेत. अशी पत्रे बहुधा इंग्रजीत येतात; त्यातला गाभा मराठीत असा असेल:

> आमच्या चाकण येथील कारखान्यासाठी २०२६ मध्ये उत्तीर्ण होणाऱ्या मेकॅनिकल व प्रॉडक्शन शाखांतील विद्यार्थ्यांमधून 'ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी' या पदासाठी सुमारे १५ उमेदवार निवडण्याचा आमचा मानस आहे.
>
> पात्रता: दहावी, बारावी व पदवी या सर्व परीक्षांत किमान ६० टक्के. बॅकलॉग नसावा.
>
> वेतन: वार्षिक ४.२० लाख रुपये, सीटीसी.
>
> निवडप्रक्रिया: लेखी परीक्षा, तांत्रिक मुलाखत, एचआर मुलाखत. संपूर्ण प्रक्रिया एका दिवसात आपल्या आवारात पूर्ण होईल.
>
> निवड झालेल्या उमेदवारांना दोन वर्षांचा सेवाकरार करावा लागेल.
>
> कृपया सोयीच्या तारखा व पात्र विद्यार्थ्यांची यादी कळवावी.

पत्र नीटनेटके आहे आणि एखादा टीपीओ ते जसेच्या तसे फलकावर लावेल. तरीही त्यात निदान चार जागा अशा आहेत, जिथे वाचणाऱ्याने थांबायला हवे.

## 'ट्रेनी' म्हणजे कर्मचारी की शिकाऊ?

पहिली जागा म्हणजे पदाचे नाव. ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी, बोलीत जीईटी, हा बहुतेक कंपन्यांत पगारी कर्मचारी असतो. पहिले वर्ष तो वेगवेगळ्या विभागांत फिरून काम शिकतो, म्हणजे काही महिने मशीन शॉपवर, काही महिने गुणवत्ता तपासणीत, काही महिने नियोजनात, आणि वर्ष संपल्यावर त्याला कायम केले जाते. त्याचा भविष्य निर्वाह निधी पहिल्या महिन्यापासून कापला जातो.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली घेतलेला पदवीधर अप्रेंटिस मात्र वेगळा. त्याला पगाराऐवजी विद्यावेतन मिळते, त्याच्यासाठी भविष्य निर्वाह निधी लागू होत नाही, आणि मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन, करारात तसे लिहिले नसेल तर, कंपनीवर नसते. दोघेही एकाच शॉपफ्लोअरवर एकाच रंगाचा गणवेश घालून उभे असू शकतात, आणि दोघांनाही बोलताना 'ट्रेनी'च म्हटले जाते. अप्रेंटिसशिप ही शिकण्याची चांगली संधी आहे. ज्याला नोकरी हवी आहे त्याने मात्र ती नोकरी समजून घेऊ नये, आणि कंपनीने ती नोकरीच्या नावाखाली देऊ नये.

टीपीओंनी यावर एकच प्रश्न विचारावा: हा उमेदवार पहिल्या दिवसापासून कंपनीच्या पटावर असेल, की शिकाऊ उमेदवार कायद्याखाली असेल? उत्तर लेखी घ्यावे.

## एका 'किंवा'ने कोण बाहेर राहते

दुसरी जागा पात्रतेची आहे, आणि माझ्या मते पूर्ण पत्रात सर्वांत महत्त्वाची तीच. 'दहावी, बारावी व पदवी या सर्व परीक्षांत किमान ६० टक्के' हे वाक्य ऐकायला सरळ वाटते. पण महाराष्ट्रात दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेणारे विद्यार्थी प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयात असतात. त्यांनी बारावी केलेलीच नसते. अर्ज भरताना बारावीचा रकाना रिकामा राहतो, आणि संगणकावर गाळणी लावली की ती नावे आपोआप गळतात.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. एका पत्रात मी 'बारावी किंवा पदविका' असे लिहायचे विसरलो. यादी आली तेव्हा तिच्यात पदविकेतून आलेला एकही विद्यार्थी नव्हता, आणि ते आमच्या लक्षात आले परीक्षा होऊन गेल्यावर, टीपीओंनी फोन करून विचारले तेव्हा. ज्यांनी पदविकेत तीन वर्षे लेथवर हात काळे केले होते, व्हर्निअर कॅलिपर हातात धरून ०.०२ मिलिमीटरपर्यंतचे माप घ्यायला जे शिकले होते, नेमके तेच विद्यार्थी कारखान्याच्या भरतीतून बाहेर राहिले. एक शब्द गळल्याचा तो परिणाम होता, आणि त्या वर्षी तो दुरुस्त करता आला नाही.

याच वाक्यात टक्क्यांचीही एक अडचण आहे. विद्यापीठे आता टक्क्यांऐवजी दहापैकी गुणांक देतात, ज्याला सीजीपीए म्हणतात. ६० टक्के म्हणजे किती सीजीपीए? कोणी सरळ दहाने गुणून ६.० म्हणेल. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या रूपांतर तक्त्यात मात्र ६.७५ म्हणजे ६० टक्के आणि ६.२५ म्हणजे ५५ टक्के असे धरलेले आहे. काही विद्यापीठांची सूत्रे त्याहूनही वेगळी असतात. म्हणजे ६.३ सीजीपीए असलेली विद्यार्थिनी एका हिशेबाने पात्र ठरते आणि दुसऱ्याने अपात्र. पत्रात 'विद्यापीठाच्या सूत्रानुसार ६० टक्के' किंवा 'किमान ६.५ सीजीपीए' असे काहीतरी एक स्पष्ट लिहिले असेल, तर हा वाद उद्भवतच नाही.

'बॅकलॉग नसावा' या दोन शब्दांतही दोन अर्थ लपलेले आहेत. आज एखादा विषय राहिलेला असेल तर तो चालू बॅकलॉग. पूर्वी एटीकेटी लागली होती आणि पुढच्या सत्रात तो विषय सुटला, तर तो जुना, निकाली निघालेला बॅकलॉग. बहुतेक कंपन्यांना चालू बॅकलॉग नको असतो, जुन्याबद्दल तक्रार नसते. काही कंपन्यांना मात्र इतिहासातही एटीकेटी चालत नाही. मधे वर्ष गेलेल्या, म्हणजे वायडी झालेल्या विद्यार्थ्याचा प्रश्न आणखी वेगळा, कारण त्याच्यासाठी 'शिक्षणात खंड किती चालेल' ही अट पाहावी लागते. नमुना पत्रात यातले काहीच स्पष्ट नाही. अशा वेळी टीपीओ सावधपणे कडक अर्थ लावतात, आणि कंपनीला चालला असता असा विद्यार्थीही यादीबाहेर राहतो.

एक अट पत्रात कधीच येऊ नये, ती म्हणजे 'फक्त मुले'. भरतीत स्त्री-पुरुष असा भेद करण्यास कायद्याची मनाई आहे. काम रात्रपाळीचे असेल तर कंपनीने तसे लिहावे, वाहनाची आणि सुरक्षेची कोणती व्यवस्था आहे ते लिहावे, आणि निर्णय मुलींवर सोडावा.

## ४.२० लाखांतून महिन्याला हातात किती?

तिसरी जागा पॅकेजची. सीटीसी म्हणजे 'कॉस्ट टू कंपनी', त्या कर्मचाऱ्यावर कंपनीचा वर्षभरात होणारा एकूण खर्च. घरात एका माणसावर महिन्याला किती खर्च होतो याचा हिशेब करताना आपण त्याचे धान्य, वीज, विमा सगळे धरतो, पण म्हणून तेवढे पैसे त्याच्या खिशात जात नाहीत. सीटीसीचेही तसेच आहे.

नमुन्यातील ४,२०,००० रुपये घेऊ. समजा मूळ वेतन महिना १७,५०० आहे. कंपनीने भरायचा भविष्य निर्वाह निधी, १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर १२ टक्के धरल्यास, महिना १,८०० म्हणजे वर्षाला २१,६०० होतो. ग्रॅच्युइटीसाठी मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे १०,१०० रुपये बाजूला दाखवले जातात, आणि कायम कर्मचाऱ्याला ते साधारणपणे पाच वर्षांच्या सलग सेवेनंतरच मिळतात. समूह विम्याचा हप्ता ६,३०० धरू. उरले ते बदलते वेतन. सीटीसीच्या १० टक्के म्हणजे ४२,००० रुपये वर्षाअखेरीस, कामगिरीनुसार, पूर्ण किंवा अपूर्ण मिळतील. या चारांची बेरीज ८०,००० होते.

म्हणजे उरतात ३,४०,०००, महिन्याला सुमारे २८,३३०. त्यातून कर्मचाऱ्याच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी १,८०० आणि महाराष्ट्रातील व्यवसाय कर २०० वजा केला की हातात पडतात सुमारे २६,३३० रुपये. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असल्याने शंभर कमी. बस किंवा कँटीनची कपात असेल तर आणखी थोडे कमी. ४.२० लाखांना बाराने भागून ३५,००० धरणाऱ्या घराचा अंदाज इथे महिना साडेआठ हजारांनी चुकतो, आणि चाकणला खोली भाड्याने घेणाऱ्या मुलासाठी ही रक्कम लहान नाही.

या हिशेबात फसवणूक काही नाही. भविष्य निर्वाह निधी त्याच्याच नावावर साठत असतो. पण पत्रात 'निश्चित वेतन ३.४० लाख, बदलते वेतन ०.४२ लाख, उर्वरित कंपनीचे अंशदान व विमा' एवढी एक ओळ असेल तर कोणाचाही गैरसमज होत नाही.

## एका दिवसात निवड: घड्याळ काय सांगते

'लेखी परीक्षा, तांत्रिक मुलाखत, एचआर मुलाखत' या तीन पायऱ्या आपण तीन चाळण्यांसारख्या समजतो: प्रत्येक चाळणीचे भोक आधी ठरलेले आणि त्यातून जो जाईल तो पुढे. प्रत्यक्षात पहिल्या चाळणीचे भोक बऱ्याचदा दुसऱ्या चाळणीपाशी किती वेळ आहे यावर ठरते.

हिशेब असा. कंपनी दोन मुलाखत मंडळे आणते. एका तांत्रिक मुलाखतीला वीस मिनिटे धरली तर एक मंडळ तासाला तीन मुलाखती घेते. सकाळचे सादरीकरण आणि लेखी परीक्षा झाल्यावर सहा तास उरले, तर दोन मंडळांकडून ३६ मुलाखती होतात. म्हणजे परीक्षेला ११० जण बसोत की १५०, पुढे साधारण ३६ च जाणार. उत्तीर्णतेची रेषा ४५ गुणांवर येईल की ५८ वर, हे प्रश्नपत्रिका ठरवत नाही, खुर्च्या ठरवतात. पन्नास गुण मिळूनही पुढे न गेलेल्या विद्यार्थ्याला आपण नापास झालो असे वाटते, आणि तसे वाटणे बरोबर नसते.

म्हणून अनुभवी टीपीओ पत्र वाचून विचारतात: मंडळे किती येणार? लेखी परीक्षा आदल्या दिवशी घेता येईल का? प्रत्येक विभागाची वेगळी किमान मर्यादा आहे का, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात का? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा, कारण गुण वजा होत असतील तर अंदाजाने उत्तरे देणारा मागे पडतो आणि होत नसतील तर प्रश्न सोडणारा मागे पडतो. हे आधी माहीत नसेल, तर परीक्षा बुद्धीइतकीच माहितीचीही होते.

तांत्रिक मुलाखतीत सुट्या भागांची कंपनी साधारणपणे आराखडा वाचायला देते. शाफ्टवर किती टॉलरन्स दिला आहे, म्हणजे मापात किती फरक चालेल, हा भाग कोणत्या यंत्रावर बनेल, कोणते माप कोणत्या साधनाने तपासाल, असे प्रश्न असतात. पत्रात 'तांत्रिक मुलाखत: आराखडा वाचन, उत्पादन प्रक्रिया, मापनसाधने' एवढे लिहिले तरी विद्यार्थी योग्य वही उघडतो. काही कंपन्यांना यामुळे तयारी करून आलेला विद्यार्थी मिळेल अशी भीती वाटते. मला तर तोच हवा असे वाटते.

आणि एक चौथी पायरी पत्रात लिहायची राहून जाते, ती वैद्यकीय तपासणीची. रंगकाम किंवा विद्युत विभागात रंग ओळखता येणे आवश्यक असेल, तर रंगांधळेपणाची अट परीक्षेआधी कळायला हवी. निवड झाल्यावर, बाकीच्या कंपन्या निघून गेल्यावर ती कळली तर विद्यार्थ्याकडे दुसरा मार्ग उरत नाही, कारण अनेक महाविद्यालयांत एक ऑफर मिळाली की विद्यार्थ्याला पुढच्या कंपन्यांना बसू देत नाहीत.

## सेवाकरार कायदेशीर आहे का?

'बाँड बेकायदेशीर असतो, त्यावर सही केली तरी काही होत नाही' असे विद्यार्थ्यांमध्ये सर्रास म्हटले जाते. ते खरे नाही. विजया बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. उलट बाजूला, कराराच्या कायद्याचे कलम ७४ सांगते की करार मोडल्यास मिळणारी भरपाई वाजवी असली पाहिजे; करारात लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा असते, तो पूर्ण आपोआप मिळतोच असे नाही.

म्हणून नमुना पत्रातील 'दोन वर्षांचा सेवाकरार' हे अर्धे वाक्य आहे. रक्कम किती, ती काळानुसार कमी होते का, आणि कंपनीनेच कामावरून काढले तर ती लागू होते का, हे तीन तपशील नसतील तर ते मागावेत. मूळ प्रमाणपत्रे कंपनीकडे ठेवण्याची किंवा अनामत रक्कम भरण्याची अट असेल, तर टीपीओंनी त्या कंपनीला आवारात येऊच देऊ नये.

## निवड झाली, मग रुजू कधी?

गेल्या काही वर्षांत माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात निवड होऊनही महिनोन् महिने, काहींच्या बाबतीत वर्षाहून अधिक काळ, रुजू करून न घेतलेल्या पदवीधरांच्या बातम्या आल्या. तेव्हापासून पालक एकच विचारतात: पत्र दिले म्हणजे घेतलेच पाहिजे ना? वर म्हटल्याप्रमाणे, निमंत्रणपत्रातून तसे बंधन येत नाही. ऑफर लेटरमधूनही बऱ्याचदा तारीख निसटते, कारण तिथे 'तारीख नंतर कळवण्यात येईल' असे लिहिलेले असते.

कंपनीची बाजूही समजून घ्यायला हवी. भरती ऑगस्टमध्ये होते आणि विद्यार्थी पुढच्या वर्षी जून-जुलैमध्ये पदवीधर होतो. दहा-अकरा महिन्यांनंतर कारखान्याला किती मागणी असेल, हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही, आणि म्हणूनच पत्रात 'सुमारे १५' असा शब्द असतो. पण तारीख नक्की सांगता येत नसली तरी एक मर्यादा सांगता येते, आणि ती ओलांडली तर विद्यार्थी मोकळा झाला असे लिहिता येते. एवढ्याने महाविद्यालयही त्याला पुन्हा इतर कंपन्यांसाठी बसू देऊ शकते.

इतके तपशील लिहिले तर पत्र लांबेल आणि कंपनीचे हात बांधले जातील, असा आक्षेप मनुष्यबळ विभागातून येतोच. नमुन्यातील पात्रतेचा आणि अटींचा भाग दुरुस्त करून पाहू, म्हणजे किती लांबते ते कळेल:

> पात्रता: दहावीत, आणि बारावीत किंवा पदविकेत, किमान ६० टक्के, पदवीत सहाव्या सत्रापर्यंत किमान ६.५ सीजीपीए. अर्जाच्या वेळी चालू बॅकलॉग नसावा. पूर्वी उत्तीर्ण केलेले बॅकलॉग विचारात घेतले जाणार नाहीत. शिक्षणातील एक वर्षापर्यंतचा खंड चालेल.
>
> पद पहिल्या दिवसापासून कंपनीच्या पटावरील आहे. सीटीसी ४.२० लाख, त्यापैकी निश्चित वेतन ३.४० लाख, बदलते वेतन ०.४२ लाख.
>
> लेखी परीक्षा ६० प्रश्नांची, ६० मिनिटांची असून चुकीच्या उत्तरास गुण वजा होणार नाहीत. दोन मुलाखत मंडळे येतील. निवडीनंतर वैद्यकीय तपासणी होईल. तिचे निकष सोबत जोडले आहेत.
>
> सेवाकरार दोन वर्षांचा, रक्कम ५०,००० रुपये, दर सहा महिन्यांनी एक चतुर्थांश कमी होणारी. कंपनीने सेवा समाप्त केल्यास लागू नाही.
>
> रुजू होण्याची तारीख १ जुलै ते ३० सप्टेंबर २०२६ या काळातील असेल. ३० सप्टेंबरपर्यंत रुजू करून न घेतल्यास उमेदवार या निवडीतून मुक्त समजला जाईल.